वाक्प्रचारांचे तीन ढीग

बँकेच्या लिपिक पदाच्या परीक्षेत गणित आणि तर्कक्षमतेचे प्रश्न आता मराठीतही सोडवता येतात. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने 2021 मध्ये 13 प्रादेशिक भाषांची वाट मोकळी केली, तेव्हापासून मराठी माध्यमातल्या मुलामुलींचा मोठा अडसर दूर झाला. इंग्रजीचा विभाग मात्र इंग्रजीतच राहिला. आयबीपीएसच्या लिपिक आणि पीओ अशा दोन्ही परीक्षांच्या पूर्व फेरीत त्यासाठी 30 प्रश्न आणि 20 मिनिटे असतात. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी 40 सेकंद. त्यातली बरीचशी उताराच खातो, म्हणून शब्दांच्या आणि वाक्प्रचारांच्या प्रश्नाला हातात 15 ते 20 सेकंदच उरतात. शिवाय आयबीपीएसमध्ये प्रत्येक विभागाचा वेगळा कटऑफ असल्याने इतर विभागांत कितीही गुण मिळाले तरी इंग्रजीची तूट भरून निघत नाही.

या 15 सेकंदांत आठवायला वेळ नसतो. उत्तर तयार असावे लागते किंवा ते ओळखायची खूण हाताशी असावी लागते. ‘वन वर्ड सब्स्टिट्यूशन’ आणि ‘इडियम्स’ यांची शेकडो शब्दांची यादी वरपासून खालपर्यंत पाठ करणाऱ्यांना अडचण येते ती इथेच. यादीत शब्द ज्या क्रमाने आणि ज्या रूपात भेटतो, त्या क्रमाने आणि त्या रूपात तो परीक्षेत कधीच येत नाही.

प्रश्नाचे रूप आधी नीट पाहायला हवे. स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षांत व्याख्या देऊन थेट एक शब्द विचारतात. बँकेच्या परीक्षेत असा सरळ प्रश्न क्वचित येतो. तिथे तोच शब्द रिकाम्या जागेत, क्लोज टेस्टमध्ये, शब्दांच्या अदलाबदलीत किंवा ठळक केलेल्या वाक्यांशाला पर्याय निवडायच्या प्रश्नात लपलेला असतो. वाक्प्रचारही ‘अर्थ सांगा’ असा न येता बहुधा वाक्याच्या पोटात येतो. कधी त्याचा अर्थ विचारतात, कधी कोणत्या वाक्यात तो योग्य वापरला आहे ते विचारतात, तर कधी त्यातला एखादा लहानसा शब्द मुद्दाम बदलून ‘हा भाग सुधारा’ असे म्हणतात. म्हणून नुसता अर्थ येणे पुरत नाही, शब्द वाक्यात कसा बसतो हेही यावे लागते.

आधी एका शब्दाचे प्रश्न घेऊ, कारण त्यांची किल्ली तुलनेने सोपी आहे. व्याख्येची सुरुवातच अर्धे उत्तर देते. ‘अ पर्सन हू’ असे असेल तर उत्तर माणसाचे नाव हवे. ‘दॅट विच कॅनॉट बी’ असे असेल तर बहुधा ‘इन’, ‘इम’, ‘इल’ किंवा ‘अन’ने सुरू होणारे विशेषण हवे. ‘गव्हर्न्मेंट बाय’ असेल तर शेवटी ‘क्रसी’ किंवा ‘आर्की’ शोधायचे. एवढ्यानेच पाचांतले एकदोन पर्याय गळतात.

उदाहरण म्हणून हा प्रश्न पाहा. वाक्याचा अर्थ असा: अर्जावरची सही अशी होती की ती वाचताच येत नव्हती. शेवटच्या भागाऐवजी एक शब्द हवा आहे आणि पर्याय आहेत इनएलिजिबल, इल्लेजिबल, अनइंटेलिजिबल, इल्लिटरेट आणि इनऑडिबल. पाचही शब्द नकारार्थी आहेत आणि कानाला एकाच कुळातले वाटतात. पेपर काढणाऱ्याने ते मुद्दाम तसे निवडले आहेत. आता वाक्यातला कर्ता बघायचा. तो ‘सही’ आहे, माणूस नाही. इल्लिटरेट म्हणजे निरक्षर आणि तो माणूसच असू शकतो. इनएलिजिबल म्हणजे अपात्र, ते उमेदवाराला लागू पडते, सहीला नाही. इनऑडिबल म्हणजे ऐकू न येणारे. उरले दोन. अनइंटेलिजिबल म्हणजे ज्याचा अर्थबोध होत नाही असे. अक्षर मोत्यासारखे असले तरी मजकूर अनइंटेलिजिबल असू शकतो. इल्लेजिबल म्हणजे अक्षरच लागत नाही असे. वाक्यात ‘वाचता’ आले आहे, ‘समजता’ नाही. उत्तर इल्लेजिबल. सांगायला एक परिच्छेद लागला, पण कर्ता पाहायची आणि क्रियापद पाहायची सवय लागली की याला 15 सेकंद पुरतात.

शब्दांची मुळे शिकून पाठांतर कमी करण्याचा मार्ग नॉर्मन लुईस यांच्या 1949 सालच्या ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ने जगभर रूढ केला. आपल्या मुलांना हा मार्ग अधिक जवळचा आहे, असे मला मनापासून वाटते, कारण संस्कृतातून आलेले मराठी शब्दही असेच जोडून घडतात. सर्वज्ञ, सर्वव्यापी आणि सर्वशक्तिमान हे तीन शब्द ज्याला येतात, त्याला ‘ऑम्नि’ म्हणजे ‘सर्व’ एवढे एकदा सांगितले की ऑम्निशियंट, ऑम्निप्रेझेंट आणि ऑम्निपोटंट त्याच क्रमाने जागेवर बसतात. ‘हत्या’ला जोड म्हणून ‘साइड’ धरले की होमिसाइड, इन्फॅन्टिसाइड, जेनोसाइड, रेजिसाइड यांतला पुढचा भाग तेवढा लक्षात ठेवायचा: माणूस, अर्भक, वंश, राजा.

पण मुळांच्या या पद्धतीला एक मर्यादा आहे आणि ती फारशी कोणी सांगत नाही. ज्या शब्दांतला वेगळा भाग आपल्याला आधीच ओळखीचा आहे, ते शब्द एकत्र शिकावेत. ज्यांचा वेगळा भागही अनोळखी आणि वर दिसायला सारखा आहे, ते एकाच दिवशी शिकू नयेत. मिसॉजिनिस्ट म्हणजे स्त्रीद्वेष्टा आणि मिसॉगमिस्ट म्हणजे विवाहाचा द्वेष करणारा. हे दोघे एका बैठकीत शिकले तर परीक्षेत दोन्ही आठवतात, पण कोणता कुठला ते आठवत नाही. एथिस्ट, म्हणजे देव नाही असे मानणारा, आणि ॲग्नॉस्टिक, म्हणजे देव आहे की नाही हे कळणेच शक्य नाही असे मानणारा, ही जोडीही तशीच. अशा जोडीतला एक शब्द आज घ्यावा, तो आठवडाभरात पक्का होऊ द्यावा आणि मगच दुसरा घ्यावा. दोन्ही पक्के झाले की मुद्दाम समोरासमोर ठेवून फरक तपासावा.

शब्द कोणते निवडायचे, याबद्दलही माझे मत ठाम आहे. कोणत्या छंदाला काय म्हणतात आणि कोणत्या भीतीला काय म्हणतात, याच्या लांबलचक याद्यांवर बँकेच्या परीक्षार्थींनी फार वेळ घालवू नये. इथले उतारे आणि वाक्ये अर्थकारण, कारभार आणि बातम्या यांतून येतात. म्हणून आधी इन्सॉल्व्हंट म्हणजे देणी फेडू न शकणारा, एम्बेझलमेंट म्हणजे सोपवलेल्या पैशाची अफरातफर, युझरर म्हणजे अवाच्या सवा व्याज लावणारा सावकार आणि मोरॅटोरियम म्हणजे फेड पुढे ढकलण्याची अधिकृत मुभा, असे शब्द घ्यावेत. मोरॅटोरियम तर घराघरात पोहोचलेला शब्द आहे. रिझर्व्ह बँकेने मार्च 2020 मध्ये कर्जाच्या हप्त्यांना तीन महिन्यांची सवलत दिली आणि पुढे ती 31 ऑगस्टपर्यंत वाढवली, तेव्हा मराठी वर्तमानपत्रांत तो रोज छापून येत होता. बातमीतून ओळखीचा झालेला शब्द यादीतल्या शब्दापेक्षा कितीतरी घट्ट बसतो.

आता वाक्प्रचार. मराठी माध्यमातल्या परीक्षार्थींनी इथे सगळ्यात आधी एक काम करावे: हाती असलेल्या वाक्प्रचारांचे मराठीच्या कसोटीवर तीन ढीग करावेत.

पहिला ढीग ज्यांचे चित्र आणि अर्थ दोन्ही मराठीतल्यासारखे आहेत त्यांचा. ‘ॲड फ्यूएल टू द फायर’ म्हणजे आगीत तेल ओतणे. ‘बेल द कॅट’ म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा बांधणे. ‘स्टॅब इन द बॅक’ म्हणजे पाठीत खंजीर खुपसणे. ‘क्रोकोडाइल टिअर्स’ म्हणजे नक्राश्रू, ‘व्हाइट एलिफंट’ म्हणजे पांढरा हत्ती, ‘रेड टेप’ म्हणजे लालफीत. ‘अ फेदर इन वन्स कॅप’ आणि मानाचा तुरा यांतही फारसे अंतर नाही. या ढिगावर एकदा नजर टाकायची आणि तो बाजूला ठेवायचा. यादीतला चांगला मोठा भाग असा एका संध्याकाळीच हातावेगळा होतो.

दुसरा ढीग लहान, पण गुण घालवणारा. यातल्या वाक्प्रचारांचे शब्द मराठीतल्यासारखे दिसतात आणि अर्थ वेगळा निघतो. ‘वॉश वन्स हँड्स ऑफ’ वाचले की मराठी मनाला हात धुवून घेणे आठवते, म्हणजे संधी साधून आपला फायदा करून घेणे. इंग्रजीत त्याचा अर्थ जबाबदारी झटकून मोकळे होणे असा आहे. ‘पुल समवन्स लेग’ म्हणजे एखाद्याची गमतीने थट्टा करणे, तर मराठीत पाय ओढणे म्हणजे दुसऱ्याला वर येऊ न देणे. पर्यायांत ‘प्रगतीत अडथळा आणणे’ हा अर्थ असतो आणि घाईत हात तिकडेच जातो. ‘ईट वन्स वर्ड्स’ म्हणजे आपण म्हणालो ते चुकले असे कबूल करून शब्द मागे घेणे. वचन मोडणे हा त्याचा अर्थ नव्हे. त्यासाठी इंग्रजीत ‘गो बॅक ऑन वन्स वर्ड’ असा निराळा वाक्प्रचार आहे, आणि हे दोघे एकाच प्रश्नात पर्याय म्हणून येऊ शकतात.

हा ढीग छापील यादीतून तयार मिळत नाही. सराव चाचणीत जिथे चूक झाली, तिथे ‘मला असे का वाटले?’ हे स्वतःला विचारायचे. उत्तर मराठीतल्या एखाद्या वाक्प्रचाराशी जाऊन थांबले, तर तो इंग्रजी वाक्प्रचार या ढिगात टाकायचा आणि शेजारी मराठी वाक्प्रचार लिहून त्यावर काट मारायची. पूर्ण तयारीत असे 20-25 सापडले तरी पुष्कळ झाले.

तिसरा ढीग ज्यांना मराठीत तसे चित्रच नाही त्यांचा. खरी मेहनत इथेच घ्यायची. त्यांचा नुसता मराठी अर्थ लिहून ठेवला तर तो निसटतो. तो वाक्प्रचार कुठून आला हे कळले किंवा एखादा प्रसंग जोडला, तर टिकतो. ‘इन द रेड’ म्हणजे तोट्यात आणि ‘इन द ब्लॅक’ म्हणजे नफ्यात, कारण हिशेबाच्या वह्यांत तोट्याचे आकडे लाल शाईने लिहीत. ‘फूट द बिल’ म्हणजे खर्चाचा भार उचलणे. बेरजेचा आकडा बिलाच्या तळाशी येतो, एवढे आठवले तरी पुरे. ‘थ्रो गुड मनी आफ्टर बॅड’ म्हणजे आधीच बुडालेल्या व्यवहारात आणखी पैसा ओतणे. आजारी कारखान्याचे जुने कर्ज वसूल होत नाही म्हणून बँकेने त्याला नवे कर्ज द्यावे, हा प्रसंग डोळ्यांपुढे ठेवला की वाक्प्रचार पुन्हा पाठ करावा लागत नाही.

अशा वाक्प्रचाराचा एक प्रश्न सोडवून बघू. वाक्याचा आशय असा: लेखापरीक्षकांच्या लक्षात आले की कंपनीचा हिशेबनीस कित्येक वर्षे ‘कुकिंग द बुक्स’ करत होता. पर्याय: हिशेब वेळेवर पूर्ण करणे, हिशेबात खोटे आकडे भरणे, हिशेबाच्या वह्या नष्ट करणे, पाककृतींची पुस्तके लिहिणे, हिशेब गुप्त ठेवणे. यातला एक पर्याय शब्दशः अर्थाचा आहे. असा पर्याय बहुतेक प्रश्नांत आमिष म्हणून ठेवलेला असतो, तो सगळ्यात आधी बाद करायचा. मग वाक्याचा सूर पाहायचा. लेखापरीक्षकांना काहीतरी ‘आढळले’ आहे, म्हणजे गोष्ट वाईट आहे, म्हणून ‘वेळेवर पूर्ण करणे’ गेले. वह्या एकदाच नष्ट होतात आणि इथे तर काम ‘कित्येक वर्षे’ चालू होते, म्हणून तेही गेले. उरले दोन. हिशेब गुप्त ठेवला तर लेखापरीक्षकांसमोर तो येणारच नाही. ‘कुक’ करणे म्हणजे हवी तशी चव येईपर्यंत शिजवणे, हे सुचले तर खोट्या आकड्यांवर बोट पडते. वाक्प्रचार आधी कधी वाचलेला नसला तरी इथवर पोहोचता येते.

मात्र ‘हा भाग सुधारा’ या प्रश्नात अशी हुशारी चालत नाही. तिथे वाक्प्रचाराचे शब्द जसेच्या तसे यावे लागतात. ‘ॲट द इलेव्हन्थ अवर’ बरोबर आहे, ‘ऑन द इलेव्हन्थ अवर’ नाही. ‘बाय हुक ऑर बाय क्रुक’मध्ये ‘ऑर’च हवे, ‘अँड’ चालत नाही. ‘लूज हार्ट’ म्हणजे धीर सुटणे, पण मध्ये ‘वन्स’ आणि शेवटी ‘टू’ आले की ‘लूज वन्स हार्ट टू’ म्हणजे कोणाच्या तरी प्रेमात पडणे. पाठ करताना आपण मोठे शब्द धरतो आणि छोटे सोडून देतो. पेपर काढणारा नेमका छोट्या शब्दांवर बोट ठेवतो. म्हणून वाक्प्रचार लिहिताना त्यातले छोटे शब्द वेगळ्या शाईने लिहावेत.

यानंतर उजळणी. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस याने अर्थहीन अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि तो 1885 मध्ये प्रसिद्ध केला. सगळ्यात जास्त विसर पहिल्या दिवसात पडतो आणि पुढे वेग मंदावतो, असे त्याला दिसले. पुढे 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी दाखवले की तोच मजकूर पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे असतात, पण आठवड्यानंतर मजकूर न पाहता आठवून पाहिलेले विद्यार्थी त्यांना मागे टाकतात. यादी वाचून झाल्यावर सगळे आपल्याला येते असे जे वाटते, ते त्या पहिल्या पाच मिनिटांचे असते.

या दोन गोष्टींवर बेतलेली सोपी पद्धत जर्मन पत्रकार सेबास्टियान लाइटनर याने 1970च्या दशकात मांडली. त्यासाठी कोरे पुठ्ठ्याचे तुकडे आणि तीन डबे पुरतात. तुकड्याच्या एका बाजूला व्याख्या किंवा वाक्प्रचार रिकामा ठेवलेले वाक्य लिहायचे, दुसऱ्या बाजूला उत्तर. पुढच्या बाजूला शब्द आणि मागे अर्थ, असा उलटा क्रम ठेवू नये, कारण बँकेच्या परीक्षेत बहुधा वर्णनावरून किंवा वाक्यावरून शब्दाकडे जावे लागते. वाक्य शक्यतो त्या आठवड्यात वाचलेल्या इंग्रजी अग्रलेखातले घ्यावे.

समजा, सोमवारी ‘एम्बेझल’चा तुकडा केला आणि पहिल्या डब्यात टाकला. पहिला डबा रोज उघडायचा. मंगळवारी व्याख्या वाचून मनात पाच आकडे मोजेपर्यंत उत्तर आले तर तुकडा दुसऱ्या डब्यात जातो. तो डबा तीन दिवसांनी उघडायचा. शुक्रवारीही उत्तर आले तर तिसऱ्या डब्यात, तो आठवड्यातून एकदा. कुठल्याही टप्प्यावर चुकले, किंवा बरोबर आले पण पाच आकडे उलटून गेले, तर तुकडा थेट पहिल्या डब्यात परत जातो. हा नियम कठोर वाटतो, पण परीक्षेतही उशिरा सुचलेल्या उत्तराला गुण मिळत नाहीत. रोज 10 नवे तुकडे घेतले तर 15 दिवसांत 150 होतात, आणि जुन्यांपैकी त्या दिवशी समोर येणारे बहुधा 30-40च असतात. एका तुकड्याला 10 सेकंद धरले तर हे काम सहासात मिनिटांचे आहे. पहिला डबा फुगत चालला, म्हणजे रोजचे 10 झेपत नाहीत असे समजावे आणि नवे तुकडे थांबवून तो आधी रिकामा करावा.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात नवा शब्द एकही घेऊ नये. त्या दिवसांत फक्त तीन गोष्टी चाळाव्यात: पहिल्या डब्यात अडकलेले तुकडे, मराठीमुळे फसवणारा दुसरा ढीग आणि समोरासमोर ठेवलेल्या सारख्या जोड्या.

तरीही परीक्षेत एखादा अनोळखी वाक्प्रचार येणारच. तेव्हा अंदाज करावा की सोडून द्यावे, हे गणिताने ठरवता येते. पाच पर्यायांतला एक बरोबर असतो आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. काहीच माहीत नसताना अशा पाच प्रश्नांवर डोळे मिटून बोट ठेवले तर सरासरी एक बरोबर येईल आणि एक गुण मिळेल. चार चुकतील आणि एक गुण जाईल. हाती शून्य, आणि वेळ गेला तो वेगळाच. शब्दशः अर्थाचा एकच पर्याय बाद करता आला तर असे चार प्रश्न मिळून सरासरी पाव गुणाचा फायदा होतो, तोही फारसा नाही. पण सूर आणि कर्ता पाहून दोनच पर्याय उरले असतील, तर अशा दोन प्रश्नांमागे सरासरी पाऊण गुण पदरात पडतो, आणि तिथे उत्तर देऊनच पुढे जावे. तीन पर्याय उरले आणि 20 सेकंद उलटून गेली, तर प्रश्न खूण करून ठेवावा आणि उताऱ्याकडे वळावे.